कापलेली घोषणा आणि बदललेली घोषणा

एकच घोषणा तीन ठिकाणी टाकायची म्हटली की बहुतेक जण कात्री काढतात. लिंक्डइनसाठी लिहिलेला मजकूर फेसबुकवर जसाच्या तसा जातो, इन्स्टाग्रामसाठी त्याच्या चार ओळी उरतात, चित्र चौकोनी होतं आणि खाली हॅशटॅग चिकटतात. याला काटछाट म्हणता येईल. रूपांतर वेगळं. काटछाटीत मजकुराची लांबी बदलते, तर रूपांतरात वाचणारा कोण आहे आणि त्याने पुढे काय करायचं हे बदलतं. वरवर दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींतून तीन वेगळे मजकूर तयार होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक सायकल वर्कशॉप दुरुस्तीचा कोर्स सुरू करतंय. सहा शनिवार, १२ जागा, नोंदणी २० तारखेपर्यंत. मूळ घोषणा अशी: ‘कळवण्यास आनंद होतो की आम्ही सायकल दुरुस्तीचा सहा आठवड्यांचा कोर्स सुरू करत आहोत. नोंदणीसाठी खालील लिंकवर क्लिक करा.’

हीच कापून इन्स्टाग्रामवर टाकली की पहिली ठेच लिंकला लागते. तिथे कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. लिंक बायोमध्ये ठेवावी लागते किंवा स्टोरीत स्टिकर म्हणून लावावी लागते. फीडमध्ये कॅप्शनची पहिली एखाद-दुसरी ओळच दिसते, म्हणजे तेवढ्यात वाचकाला कळतो तो फक्त तुमचा आनंद. रूपांतर करणारा आधी चित्राचा विचार करतो. पहिल्या स्लाइडवर वाकडं चाक, दुसरीवर तेच चाक स्पोक आवळून सरळ झालेलं. कॅप्शनची सुरुवात: ‘चाक डगमगतंय? हे घरी जमतं.’ शेवटी: ‘नोंदणीची लिंक बायोमध्ये.’

लिंक्डइनवरचा वाचक कोर्स करेलच असं नाही, पण त्याच्याकडे माणसं कामाला असतील किंवा तो स्वतः याच धंद्यात असेल. त्याला कोर्सपेक्षा त्यामागचं कारण ऐकायचं असतं. ‘सहा महिने शोधूनही आम्हाला हाताशी घेता येईल असा मेकॅनिक मिळाला नाही. म्हणून आम्हीच शिकवायचं ठरवलं.’ ही दोन वाक्यं अगदी वर हवीत, कारण साधारण तीन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. हे वर्कशॉपच्या पेजपेक्षा मालकाच्या स्वतःच्या खात्यावरून आलं तर जास्त शोभतं. पेजला कोणी मेकॅनिक शोधताना पाहिलेलं नसतं.

फेसबुकची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकं तिथेच लोक उरलंसुरलं टाकतात. तिथे अशी पोस्ट शेअर होत होत ग्रुपांमध्ये फिरते. शेअर झालेल्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया त्या शेअरखालीच राहतात. ‘फी किती?’, ‘लहान मुलांना चालेल का?’ असे प्रश्न कुठल्यातरी ग्रुपमध्ये विचारले जातात आणि तुम्हाला त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणून दिवस, वेळ, ठिकाण, फी, वयाची अट हे सगळं मजकुरातच हवं. ‘तपशील पहिल्या कमेंटमध्ये’ ही युक्ती इथे अंगाशी येते, कारण शेअर करणाऱ्याबरोबर ती कमेंट जात नाही. सोबत इव्हेंट तयार केला तर येणाऱ्यांना आठवणही जाते.

मेटाच्या बिझनेस सूटमधून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर एकदम पोस्ट करता येते, आणि तिथेच दोन्हींचा मजकूर वेगळा ठेवायचीही सोय आहे. ती न वापरल्यामुळे ‘लिंक बायोमध्ये’ हे वाक्य फेसबुकवर पोचलेलं बऱ्याचदा दिसतं. काटछाटीची ही हमखास खूण.

रूपांतराचा अतिरेकही होतो. लिंक्डइनवर ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ आणि इन्स्टाग्रामवर ‘गंमत म्हणून या’ असं लिहिलं तर हे दोन वेगळे कोर्स झाले, आणि दोन्ही पोस्ट वाचलेला माणूस बुचकळ्यात पडतो. म्हणून लिहायला बसण्याआधी एका कागदावर न बदलणाऱ्या गोष्टी मांडाव्यात: नाव, तारखा, जागा, फी, कोणासाठी. तिन्ही मजकूर त्या कागदाशी ताडून पाहावेत.

हा कागद तारीख पुढे ढकलली जाते तेव्हा खरा कामाला येतो. समजा नोंदणी २० ऐवजी २५ पर्यंत वाढली. लिंक्डइन आणि फेसबुकचा मजकूर, तसंच इन्स्टाग्रामचं कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं. पण इन्स्टाग्रामवर एकदा टाकलेल्या चित्राच्या जागी दुसरं चित्र बसवता येत नाही. चित्रावर ‘२० तारखेपर्यंत’ छापलं असेल तर खाली २५ आणि वर २० असं राहतं. बदलू शकणारी तारीख चित्रावर टाकूच नये, ती कॅप्शनमध्ये ठेवावी. काटछाट करणाऱ्याच्या हातून मात्र तीच हमखास चित्रावर जाते, कारण कॅप्शन छोटं करायच्या नादात तपशील चित्रात कोंबले जातात.