तोतया खात्यांचा नियतकालिक शोध

एखाद्या ब्रँडचे नाव, लोगो आणि बोलण्याची ढब उचलून समाजमाध्यमांवर उघडलेल्या बनावट खात्याला तोतया खाते म्हणतात. अशी खाती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांनी शोधून त्यांची रीतसर तक्रार करणे म्हणजे नियतकालिक शोध. ग्राहकाने कळवल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही पद्धत वेगळी आहे. ग्राहक कळवतो तेव्हा बहुधा त्याचे पैसे गेलेले असतात.

तोतया खात्यांचे प्रकार बरेच आहेत. बक्षिसांची सोडत जाहीर करणारी, नोकरीच्या नावाखाली शुल्क मागणारी आणि नकली माल विकणारी खाती नेहमी आढळतात. सर्वांत त्रासदायक म्हणजे ‘ग्राहक सेवा’ बनून वावरणारे खाते. ते स्वतः काहीच जाहीर करत नाही. कोणी ब्रँडला उद्देशून तक्रार लिहिली की काही मिनिटांत त्याखाली उत्तर देते, खासगी संदेशात बोलावते आणि तिथे खात्याचे तपशील, ओटीपी किंवा ‘परताव्याचे शुल्क’ मागते. या नोंदीत मुख्यतः याच प्रकाराचा विचार केला आहे.

नावाची नक्कल कशी होते

उदाहरणासाठी ‘मिलोर्ना’ हा काल्पनिक ब्रँड घेऊ. त्याचे अधिकृत हँडल, म्हणजे @ पुढचे नाव, `milorna`. नक्कल दोन ठिकाणी होते, हँडलमध्ये आणि प्रोफाइलवर ठळक दिसणाऱ्या डिस्प्ले नावात. या दोन्हींचे नियम वेगळे असल्याने त्यांचा शोधही वेगवेगळा घ्यावा लागतो.

एक्सवर हँडल जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असते आणि त्यात इंग्रजी अक्षरे, अंक व अधोरेषा एवढेच चालते. त्यामुळे `milorna_support` (बरोबर १५) बसते, पण `milorna_helpdesk` बसत नाही. इन्स्टाग्रामवर मर्यादा ३० अक्षरांची असून टिंबही चालते, म्हणून तिथे `milorna.helpdesk.official` सहज मिळते. शोधायच्या रूपांची यादी करताना ही मोजणी आधी केली की निम्मी रूपे आपोआप गळतात.

एक्सवर आणखी एक खोड आहे. तिथे हँडलमधले मोठे अक्षर तसेच दिसते. `l` च्या जागी मोठा `I` टाकून केलेले `miIorna` डोळ्यांना अस्सल वाटते, पण यंत्राच्या लेखी ते `miiorna` असते. `milorna` असे शोधून ते कधीच सापडणार नाही. इन्स्टाग्राम सर्व अक्षरे लहान करून टाकते, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही; तिथे `mi1orna`, `rnilorna` (`m` ऐवजी `rn`) किंवा `miloma` (`rn` ऐवजी `m`) अशी रूपे दिसतात.

डिस्प्ले नावात मात्र जगातली जवळपास कुठलीही लिपी चालते. लॅटिन `a` (U+0061) आणि सिरिलिक `а` (U+0430) बहुतेक फाँटमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. सापडलेली नावे संगणकावर ताडून पाहणारे बरेचजण NFKC हे युनिकोडचे सामान्यीकरण लावतात आणि निश्चिंत होतात. ते ठळक गणिती अक्षरे साध्या अक्षरांत आणते, पण सिरिलिक `а` ला लॅटिन करत नाही. त्यासाठी युनिकोडच्या UTS #39 मधली समरूप अक्षरांची यादी वेगळी लावावी लागते.

हँडल अस्सल ‘दिसण्यावर’ किती अवलंबून असते याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०२२ मधले आहे. ट्विटरने पैसे भरून निळी खूण देणे सुरू केले आणि एली लिली या औषध कंपनीच्या नावाने उघडलेल्या खात्याने इन्सुलिन आता मोफत असल्याचे जाहीर केले. तोतयाचे हँडल `EliLillyandCo` होते, तर कंपनीचे खरे `LillyPad`. खऱ्यापेक्षा खोटेच जास्त खरे वाटावे अशी ही स्थिती. अधिकृत हँडल आडवळणी असेल तर सर्वांत सरळ हँडल कोणाकडे आहे, हे यादीत पहिल्या ओळीवर असावे.

शोध कोणत्या खात्यातून घ्यावा

नव्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे ब्रँडच्या अधिकृत खात्यातून शोधणे. तोतया खाते उघडल्यावर अनेकदा पहिले काम करते ते अधिकृत खाते आणि त्याच्या ओळखीच्या कर्मचाऱ्यांना ब्लॉक करण्याचे. मग इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर अधिकृत खात्यातून पाहिले की सगळे आलबेल, आणि बाहेर लूट चालू. शिवाय शोधनिकाल वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे पुढेमागे होतात. म्हणून शोधासाठी वेगळे, कोणाला फारसे फॉलो न करणारे साधे खाते ठेवावे आणि त्याच्या नावात ब्रँडचा उल्लेख टाळावा. एखादे खाते या साध्या खात्यातून दिसते पण अधिकृत खात्यातून दिसत नसेल, तर तो संशयाचा मोठा पुरावा मानावा.

वेळापत्रक

रोजचा शोध छोटा असावा, पंधरा-वीस मिनिटांचा. त्यात नेमके नाव आणि त्याला जोडलेले मदतीचे शब्द (support, help, care, refund, official) एवढेच पाहायचे. एक्सवर पुढील दोन ओळी पुरतात:

```
@milorna (refund OR help OR "not working") -from:milorna
"milorna" ("DM us" OR WhatsApp) filter:replies -from:milorna
```

पहिली ओळ ग्राहकांच्या तक्रारी दाखवते. त्यातली प्रत्येक तक्रार उघडून खालची उत्तरे शेवटपर्यंत पाहायची, तळाशी दडवलेली उत्तरेसुद्धा. दुसरी ओळ थेट तोतयाच्या बोलीवर जाळे टाकते. ग्राहक दुसऱ्या भाषांतही लिहीत असतील तर त्या भाषांतले शब्द हवेतच.

आठवड्यातून एकदा अक्षरबदलाच्या सगळ्या रूपांची यादी तपासावी. ही यादी सुरुवातीला तीसेक रूपांची पुरे. शंभराची केली की तिसऱ्या आठवड्यात कोणी ती पाहत नाही. या ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा महत्त्वाची असते ती प्रसंगाची फेरी. सेवा बंद पडली, मोठी सवलत लागली किंवा वस्तू परत मागवली की तक्रारी एकदम वाढतात आणि तोतये त्यांच्या मागावरच असतात. अशा दिवशी दर दोन तासांनी पहिली ओळ चालवावी.

हे सगळे यंत्रावर सोपवण्याचा मोह होतो. पण बहुतेक माध्यमांच्या अटी परवानगीविना पानांतला मजकूर यंत्राने गोळा करायला मनाई करतात, आणि गूगल अलर्टसारखी साधने शोधयंत्राने नोंदवलेली पानेच पाहतात. ताज्या खात्याचे ताजे उत्तर त्यांच्या हाती क्वचितच लागते. म्हणून वेळापत्रकाची आठवण यंत्राने द्यावी आणि पाहण्याचे काम माणसाने करावे, ही विभागणी सहसा टिकते.

तोतया की नुसता नामसाधर्म्य असलेला

नाव जुळले म्हणजे गुन्हा झाला असे नाही. त्याच आडनावाची माणसे, चाहते, टीकाकार, अधिकृत वितरक आणि विडंबन करणारी खाती शोधात येणारच. एक्सचे नियम विडंबनाला परवानगी देतात, मात्र तसे नावात व बायोमध्ये स्पष्ट सांगावे लागते. निर्णयासाठी तीन प्रश्न पुरतात. खाते ‘आम्ही’ म्हणून ब्रँडच्या वतीने बोलते का? ते ग्राहकाला खासगीत, लिंककडे किंवा फोन क्रमांकाकडे वळवते का? त्याचा इतिहास दाव्याशी जुळतो का? इन्स्टाग्रामवर ‘या खात्याविषयी’ या भागात खाते कधी उघडले हे कळते आणि पूर्वीची नावे किती वेळा बदलली हेही अनेकदा दिसते. फेसबुकवर पेजच्या पारदर्शकता विभागात नावबदल दिसतो. काल-परवापर्यंत मांजरांची चित्रे टाकणारे पेज आज ‘मिलोर्ना केअर’ झाले असेल तर आणखी विचार करायला नको.

स्वतःच्याच वितरकाचे खाते बंद पाडण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो. अधिकृत व परवानगी दिलेल्या सर्व खात्यांची यादी आधी तयार नसणे हे त्याचे कारण. ती नसेल तर शोध सुरूच करू नये.

तक्रारीची तपासयादी

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे: आधी पुरावा, मग तक्रार. तक्रारीची किंवा ब्रँडच्या हालचालीची चाहूल लागताच तोतया नाव बदलतो, पोस्ट पुसतो, आणि तपासणाऱ्याला कोरे खाते दिसून ‘नियमभंग आढळला नाही’ असे उत्तर येते. म्हणून त्याला उत्तर देणे, दम भरणे, चारचौघांत उघडे पाडणे हे सगळे नंतर.

- प्रोफाइलची पूर्ण लिंक आणि खात्याचा अंकी आयडी. हँडल बदलले तरी आयडी बदलत नाही. एक्सवर `x.com/i/user/` पुढे तो आयडी टाकला की नव्या नावाचे खाते उघडते. नोंदवहीतही ओळख म्हणून आयडीच लिहावा.
- पूर्ण पडद्याचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ व UTC सह: प्रोफाइल, ग्राहकाला दिलेली तीन ते पाच उत्तरे, आणि प्रत्येक उत्तराची स्वतंत्र लिंक.
- ग्राहकाच्या संमतीने खासगी संभाषणाचे स्क्रीनशॉट, ग्राहकाचे तपशील झाकून.
- फसवी लिंक `hxxps://` अशी मोडून लिहिलेली, म्हणजे चुकून कोणी दाबणार नाही.
- अधिकृत खात्याची लिंक, ट्रेडमार्क नोंदणी क्रमांक व वर्ग, आणि तक्रारदार ब्रँडचा अधिकृत प्रतिनिधी असल्याचे पत्र.

यानंतर योग्य फॉर्म निवडायचा. खाते ब्रँड असल्याची बतावणी करत असेल तर तोतयेगिरीचा फॉर्म. नाव वा लोगो वापरून माल विकत असेल पण ‘आम्हीच’ असे म्हणत नसेल तर ट्रेडमार्कचा. छायाचित्रे जशीच्या तशी उचलली असतील तर कॉपीराइटचा. कॉपीराइटच्या सूचनेची प्रत तक्रारदाराच्या नावपत्त्यासह समोरच्याकडे जाऊ शकते, तेव्हा तिथे कर्मचाऱ्याचा वैयक्तिक ईमेल देऊ नये. फसवी लिंक असेल तर तिची तक्रार होस्टिंग कंपनी व डोमेन निबंधकाकडे वेगळी करावी. खाते जायला वेळ लागला तरी लिंक मेली की लूट थांबते.

मजकूर लांबवू नये. ‘मिलोर्ना’च्या प्रकरणात एवढे पुरेल: “`miIorna` हे खाते आमच्या नावाने व लोगोने ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देते आणि खासगी संदेशात ओटीपी मागते. तिसरे अक्षर `l` नसून मोठा `I` आहे. आमचे एकमेव खाते `milorna`. चार उदाहरणे सोबत.” अक्षरबदल बोट ठेवून सांगितला नाही तर तपासणाऱ्यालाही दोन्ही नावे सारखीच दिसतात, आणि तक्रार अधिकृत खात्याविरुद्धच आहे असा गोंधळ होतो.

तिकीट क्रमांक नोंदवून दोन दिवसांनी खाते आयडीने पुन्हा पाहावे. नकार आला तर तोच फॉर्म तसाच पुन्हा भरून उपयोग नसतो. नवा पुरावा जोडावा किंवा मार्ग बदलावा. पन्नास कर्मचाऱ्यांना एकाच वेळी ‘रिपोर्ट’ दाबायला लावल्याने पुराव्यात काही भर पडत नाही. खाते गेले तरी नोंद बंद करू नये. तेच प्रोफाइल चित्र आणि तीच ठरीव वाक्ये घेऊन नवे खाते अनेकदा उगवते, आणि जुना तिकीट क्रमांक जोडला की पुढची तक्रार मांडणे सोपे जाते.

बंद गटांतले संदेश, चोवीस तासांत विरणाऱ्या स्टोरी आणि खासगी चॅट या शोधाच्या टप्प्यात येत नाहीत. पेजवर न दिसणाऱ्या जाहिराती मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत ब्रँडचे नाव टाकून पाहता येतात. तिथे जाहिरात देणाऱ्या पेजचे नाव भलतेच असू शकते, म्हणून जाहिरातीचा मजकूर वाचावा लागतो.