बहादुरशहा जफरची कबर रंगूनमध्ये हरवली कशी आणि सापडली कशी

बहादुरशहा जफर रंगूनला वारला हे शाळेतच शिकवतात, त्यात वाद काही नाहीच. पण त्याला नक्की कुठे पुरलं हे जवळजवळ १२९ वर्षं कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि हे चुकून झालेलं नाही, इंग्रजांनी अगदी ठरवून केलं होतं. गंमत म्हणजे ज्या ऑफिसरने ती खूण पुसली त्यानेच कसं पुरलं ते इतकं नीट लिहून ठेवलं की शेवटी ओळख पटवायला त्याचाच रिपोर्ट कामी आला.

१८५७ चं बंड मोडल्यावर लाल किल्ल्यातच खटला चालला आणि ऑक्टोबर १८५८ मध्ये म्हाताऱ्या बादशहाला बैलगाडीतून दिल्लीबाहेर काढलं, बरोबर बेगम झीनत महल, दोन मुलं (जवान बख्त आणि शाह अब्बास) आणि थोडे नोकरचाकर. कलकत्त्याहून जहाजाने डिसेंबरात रंगूनला पोचले. तिथे श्वेडगॉन पॅगोड्याच्या जवळ, लष्कराच्या मेन गार्डला, म्हणजे मुख्य पहाऱ्याच्या ठाण्याला, लागून एका आवारात यांना ठेवलं. हा मेन गार्ड लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. कैद्यांवर कॅप्टन नेल्सन डेव्हिस नावाचा अधिकारी नेमलेला, आणि हा माणूस भयंकर हिशेबी, रोजच्या जेवणाचा खर्च ११ रुपये, रविवारी एक रुपया जास्त, असलं सगळं वरती कळवायचा. कैद्यांना कागद, शाई, लेखणी द्यायची नाही असा हुकूम होता, म्हणजे आयुष्यभर शायरी केलेल्या माणसाला तीही बंद.

नोव्हेंबर १८६२ च्या पहिल्या आठवड्यात जफरची तब्येत खालावली, घशाखाली काही उतरेना. ६ तारखेला डेव्हिसने विटा आणि चुना आणून ठेवायला सांगितलं आणि आवाराच्या मागच्या बाजूला एक आडोशाची जागा बघून ठेवली, म्हणजे माणूस अजून जिवंत आहे आणि कबरीची तयारी चालू. शुक्रवार ७ नोव्हेंबरला पहाटे पाच वाजता बादशहा गेला, वय ८७, आणि त्याच दिवशी दुपारी चारला दफन उरकलं. मुलं आणि एक नोकर हजर, बायका रिवाजाप्रमाणे गेल्या नाहीत, आणि बाजारातून बघायला आलेल्यांना शिपायांनी लांबच ठेवलं.

आता डेव्हिसने काय लिहिलंय बघा. मेन गार्डच्या मागे विटांनी बांधलेल्या कबरीत पुरलं, वरून जमिनीच्या लेव्हलला हिरवळीचे तुकडे लावून टाकले, आणि कबरीपासून बऱ्याच अंतरावर चारी बाजूंनी बांबूचं कुंपण घातलं. हे कुंपण कुजून पडेपर्यंत गवत पुन्हा नीट वाढलेलं असेल आणि शेवटचा मोगल नक्की कुठे आहे याची खूणही राहणार नाही, असं त्याने जवळजवळ समाधानाने लिहिलंय. कारण उघड आहे, कबर दिसली की तिथे लोक जमणार, दर्गा होणार, आणि जफर तर सूफी पीर पण होता, त्याचे मुरीद म्हणजे शिष्य होते, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नव्हती.

चुन्याबद्दल एक सांगायला हवं. प्रेत लवकर नष्ट व्हावं म्हणून चुना आणला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. असेलही तसा हेतू. पण विटांच्या बांधकामाला चुना लागतोच, आणि चुन्याने शरीर लवकर विरघळतं ही समजूतही तशी चुकीचीच, उलट बऱ्याचदा कुजण्याचा वेग कमीच होतो.

प्लॅन मात्र जमला. १८८६ मध्ये झीनत महल वारली तोपर्यंत, म्हणजे २४ वर्षांतच, नवऱ्याच्या कबरीची नक्की जागा कुणालाच सांगता येईना, तिला एका झाडाजवळ अंदाजानेच पुरलं. १९०३ मध्ये हिंदुस्थानातून काही लोक कबर बघायला आले तर झीनत महलच्या कबरीचीही जागा लोक विसरलेले, दाखवायला होतं फक्त एक वाळकं झाड. मग १९०५ मध्ये रंगूनच्या मुसलमानांनी निषेध केला, कबरीवर खूण पाहिजे म्हणून मागणी केली, पत्रव्यवहार झाला, पेपरात लेख आले, आणि १९०७ मध्ये सरकारने एकदाची एक साधी पाटी बसवली. पाटीवरचे शब्द बघण्यासारखे आहेत, दिल्लीचा माजी राजा बहादुरशहा ७ नोव्हेंबर १८६२ ला रंगूनला वारला आणि 'या जागेच्या जवळपास' पुरला गेला. म्हणजे सरकारलाच माहीत नव्हतं आणि निदान ते पाटीवर खोटं बोलले नाहीत. पुढे तिथे कठडा आला, १९२५ च्या सुमारास पत्र्याचं छप्पर आलं, लोक चादर चढवायला लागले, म्हणजे दर्गा झालाच की शेवटी. सप्टेंबर १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेची परेड घेतली तीही याच ठिकाणी.

मग १६ फेब्रुवारी १९९१. दर्ग्याच्या मागे गटार खणायचं काम चालू होतं आणि साधारण तीन-साडेतीन फुटांवर कुदळ विटांना लागली. खाली विटांनी बांधलेली कबर आणि आत सांगाडा, बऱ्यापैकी शाबूत. लोक जिथे इतकी वर्षं नमस्कार करत होते तिथून साधारण २५ फूट लांब. १९०७ च्या पाटीवरचं 'जवळपास' एवढंच चुकलं होतं म्हणायचं.

ओळख पटली कशावरून? डीएनएवरून नाही. जुळतंय ते डेव्हिसचं वर्णन, विटांची कबर, वर कसलंही बांधकाम नाही, आणि जागा जुन्या मेन गार्डच्या मागची. लष्कराच्या बंद आवारात अशी काळजीपूर्वक लपवलेली विटांची कबर दुसऱ्या कुणाची असायचं कारण दिसत नाही, त्यामुळे मला तरी हे पटतं, पण हा सगळा परिस्थितिजन्य पुरावा आहे, लॅबमधला नाही, एवढं लक्षात ठेवून बोललेलं बरं.

आपल्याकडे याची उलटी बाजू रत्नागिरीत आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ च्या डिसेंबरात तिथेच वारला, घरच्यांना देह ब्रह्मदेशात न्यायचा होता, परवानगी मिळाली नाही, आणि शेवटी १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झालं. इथे मात्र कबर लपवली नाही, पक्की समाधी आहे, २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

रंगूनला १९९४ मध्ये नवी इमारत झाली. वरच्या मजल्यावर जफर, झीनत महल आणि जफरची नात रौनक जमानी यांच्या कबरी आहेत, पण जफरची वरची फक्त नावाला, खरी १९९१ वाली जिना उतरून तळघरात आहे. अस्थी दिल्लीला आणा अशी मागणी अधूनमधून उठते, झालं काही नाही. दिल्लीतल्या मेहरौलीत सूफी संत बख्तियार काकींच्या दर्ग्याशेजारी जफरने स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती, बापाच्या कबरीजवळ, ती अजून रिकामीच आहे.