जास्त कापलेला कर आणि कापूनही न दिसणारा कर

जून-जुलै महिन्यांत पुण्यातील कार्यालयांच्या पगार विभागाकडे ‘माझा टीडीएस दुरुस्त करून द्या’ अशा मागणीचे अनेक ईमेल येतात. त्यांतील मागणी एकाच शब्दांत मांडलेली असली, तरी तिच्यामागे दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. पहिलीत पगारातून कापलेला कर फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या आयकर विभागाकडील नोंदीत, पूर्ण दिसत नाही. दुसरीत तो पूर्ण दिसतो, पण मुळात जास्त कापलेला असतो. वर्ष संपल्यावर मालकाने करायची दुरुस्ती फक्त पहिल्या तक्रारीत असते.

खराडीतील एकाच कार्यालयातील दोन कर्मचाऱ्यांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये दोघांच्याही पगारातून दरमहा ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,०८,००० रुपये कर कापला गेला आणि दोघांनीही जुनी करप्रणाली निवडली होती. पहिल्या कर्मचाऱ्याच्या २६एएसमध्ये मात्र ८१,००० रुपयेच दिसतात. दुसरीच्या २६एएसमध्ये पूर्ण रक्कम आहे, परंतु पीपीएफमध्ये भरलेल्या ५०,००० रुपयांची पावती तिने वेळेत न दिल्यामुळे ती वजावट धरली गेली नाही आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह, १०,४०० रुपये जास्त कापले गेले.

पहिल्याची फरकाची रक्कम २७,००० रुपये, म्हणजे नेमकी तीन महिन्यांची कपात आहे. हा आकडाच पुष्कळ सांगून जातो, कारण मालक कराचा भरणा दरमहा करतो, पण कोणाच्या नावे किती कापले याचे विवरणपत्र, म्हणजे २४क्यू, तिमाहीला देतो आणि २६एएसमधील नोंद त्या विवरणपत्रावरून उमटते. त्यामुळे चलन वेळेवर भरलेले असूनही विवरणपत्रात पॅनचे एक अक्षर चुकले किंवा कर्मचाऱ्याची ओळच राहिली, तर त्या तिमाहीची रक्कम त्याच्या खात्यात येत नाही. ओळ दिसत असून तिच्यापुढे ‘F’ ऐवजी ‘U’ असेल, तर चलनाशी मेळ बसलेला नाही असे समजावे. कर भरलाच नाही अशीही शक्यता त्यात असते. पगारपत्रकातील दरमहा २०० रुपयांचा व्यवसाय कर (फेब्रुवारीत ३००) मात्र या हिशेबात धरू नये. तो राज्य शासनाकडे जातो आणि २६एएसमध्ये कधीच येत नाही. तरीही दरवर्षी कोणीतरी तो शोधत बसतेच.

फॉर्म १६ दाखवून वाद घालण्यातही फारसा अर्थ नसतो. त्याचा भाग ‘अ’ आयकर विभागाच्या ट्रेसेस संकेतस्थळावरून, मालकाच्या त्याच तिमाही विवरणपत्रांच्या आधारे तयार होतो. म्हणून चूक असल्यास ती तेथेही दिसते. खरा पुरावा म्हणजे पगारपत्रके आणि बँकेत जमा झालेला निव्वळ पगार. आपल्या उदाहरणातील पहिल्याची न दिसणारी रक्कम ऑक्टोबर ते डिसेंबरची आहे असे धरले, तर त्याने त्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि २६एएसची प्रत जोडून, आपला पॅन, मालकाचा टॅन व महिनावार रकमा देऊन, असे लिहावे:

‘तिसऱ्या तिमाहीच्या २४क्यूमध्ये माझ्या नावे २७,००० रुपयांची नोंद दिसत नाही. कृपया माझा पॅन व चलनाची जोडणी तपासून दुरुस्ती विवरणपत्र दाखल करावे, त्याचा पावती क्रमांक कळवावा आणि त्यानंतर नवा फॉर्म १६ द्यावा.’

‘कर परत करा’ असे यात लिहू नये. दुरुस्ती विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर २६एएस आपोआप बदलते. चूक जर शेवटच्या तिमाहीची असेल, तर वार्षिक पगाराचा तपशील देणारे दुसरे परिशिष्टही तपासण्यास सांगावे, कारण ते फक्त त्याच तिमाहीच्या २४क्यूसोबत जाते.

दुसरीने असे पत्र लिहिले, तर पगार विभाग नकार देईल आणि तो नकार योग्य असेल. मार्चपर्यंत पावती मिळाली असती, तर उरलेल्या महिन्यांची कपात कमी करता आली असती. आता कापलेली रक्कम सरकारजमा आहे व नोंदही खरी आहे. तिने आपल्या आयकर विवरणपत्रात कलम ८०सीची वजावट घेऊन १०,४०० रुपयांचा परतावा मागावा आणि पावती जपून ठेवावी. तिच्या विवरणपत्रातील वजावट फॉर्म १६ पेक्षा जास्त दिसेल, एवढ्यावरून मालकाकडे जाण्याचे कारण नाही.

पहिल्याची अडचण आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत सुटली नाही, तरी त्यात पूर्ण १,०८,००० रुपयांचे श्रेय मागता येते. मात्र प्रक्रियेत २६एएसशी ताळा न जुळल्याने २७,००० रुपयांची मागणी निघण्याची शक्यता असते. पगारातून कर कापला गेल्यावर तोच कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असे आयकर कायदा, १९६१ चे कलम २०५ सांगते. त्यासाठीही कपातीचा पुरावा म्हणून तीच पगारपत्रके लागतात. मालकाची दुरुस्ती नंतर झाली, तर आयकर पोर्टलवर विवरणपत्राची फेरप्रक्रिया करण्याची विनंती करता येते.