काचेला चिकटलेली बुरशीग्रस्त छायाचित्रे

चौकटीतल्या छायाचित्राचा पृष्ठभाग ओलाव्याने मऊ होऊन काचेला चिकटतो आणि त्याच ओलाव्यावर बुरशी धरते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. हे प्रथिन पाणी शोषून फुगते आणि बुरशीचे अन्नही तेच. हवेतील आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली की बुरशी वाढू लागते.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत पूर्वजांच्या तसबिरी बाहेरच्या भिंतीवर असतात आणि पावसाळाभर ती भिंत ओल धरते. दिवाळीत ओल्या फडक्याने काच पुसली की पाणी चौकटीच्या खालच्या कडेतून आत उतरते. त्यामुळे नुकसान बहुधा खालून सुरू होते.

समजा, आजोबांचा १९५० च्या दशकातला फोटो आहे आणि खालच्या कोपऱ्यात काचेआड ओलसर, गडद डाग दिसतो. काच तिरकी धरली तरी तो डाग चकचकीत व सपाटच राहत असेल, तर तिथे फोटो चिकटला आहे. पहिले काम म्हणजे काचेसकट स्कॅन करून घेणे. पुढे काही बिघडले, तरी चेहरा हाती राहतो. मग मागचे खिळे काढून पुठ्ठा व जुने कागद बाजूला करावेत. काच आणि फोटो मात्र एकत्रच ठेवावेत. हवेशीर सावलीत, शक्यतो पावसाळा संपल्यावर, फोटो काही दिवस सुकू द्यावा. बुरशी ओली, केसाळ असेपर्यंत घासली की ती पसरते आणि थरात दबते. वाळून ती द्राक्षावरच्या भुरीसारखी कोरडी झाली, की घराबाहेर एन-९५ मास्क व हातमोजे घालून मऊ ब्रशने फक्त मागच्या बाजूची झटकावी.

समोरची बाजू घरी साफ करू नये. बुरशीच्या विकरांमुळे जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगे होते, म्हणून ओला कापूस फिरवला तर चित्रच निघून येते. काच सोडवण्यासाठी पाण्यात भिजवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. बुरशी लागलेल्या, हाताने रंगवलेल्या किंवा इंकजेट फोटोला तो घातक आहे. हेअर ड्रायरने जिलेटिन आकसते, काच आकसत नाही, आणि थराचे पापुद्रे सुटतात. सुरीने खरवडणे तर नकोच.

फोटो एकमेव असेल, रंगवलेला असेल, चेहऱ्यावरच चिकटला असेल किंवा थर भेगाळला असेल, तर तो संवर्धकाकडेच द्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. नेताना काच खाली ठेवून, आडवा, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून न्यावा. काही वेळा काचेसकटच जपणे हा संवर्धकाचाही निर्णय असतो आणि तो योग्य असतो. भिंतीवर मग स्कॅनवरून केलेली प्रत लावावी, तीही काच आणि कागदात माउंटची फट ठेवून, आतल्या कोरड्या भिंतीवर.