इमारतीतली रोपांची अदलाबदल : कोणी यायचे, काय आणायचे, चिठ्ठीवर काय लिहायचे

येत्या रविवारी सकाळी ८ ते १० या वेळात तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत रोपांची आणि फांद्यांची अदलाबदल आहे. इमारतीत राहणाऱ्या कोणालाही येता येईल, घर स्वतःचे असो की भाड्याचे. द्यायला काही नसेल तरीही या. शेवटच्या अर्ध्या तासात उरलेली रोपे अशा शेजाऱ्यांसाठीच आहेत. लिफ्टशेजारच्या फलकावर कागद लावला आहे, त्यावर शुक्रवारी रात्रीपर्यंत घर क्रमांक, काय आणणार आणि किती नग एवढे लिहा. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. कागदपत्र एकच लागेल, पण ते सक्तीचे आहे : प्रत्येक नगाला स्वतःची चिठ्ठी.

ही सक्ती मागच्या वेळच्या अनुभवातून आली. मी जास्वंदीची एक बिनपानांची काडी घरी नेली, कुंडीत लावली आणि महिनाभर जपली. ती काळी पडली. उपटून पाहिली तेव्हा कळले, काडी उलटी लावली होती. पान गळाल्याची खूण आणि तिच्या वरच्या अंगाला डोळा, हा क्रम पाहिला असता तर वरचे टोक कोणते ते लगेच समजले असते. म्हणून या वेळी सर्वांनी एकच रीत पाळूया : खालचा काप तिरका, वरचा सरळ. हातात घेताच दिशा कळते.

जास्वंदीचेच उदाहरण पुढे नेते. शनिवारी संध्याकाळी धारदार, पुसून घेतलेल्या कात्रीने पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण १५ सेंटिमीटर लांबीची फांदी कापा. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, कारण मुळे बहुतेक तिथूनच फुटतात. फुले, कळ्या आणि खालची पाने काढून टाका. वरची दोन पाने ठेवा. मोठी असतील तर अर्धी कापा, कारण मुळे नसलेल्या फांदीतले पाणी पानांवाटेच उडून जाते. खालचे टोक ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा, पिशवी सावलीत ठेवा. चिठ्ठी अशी असेल :

जास्वंद, लाल, एकेरी पाकळ्या
फांदी, मुळे नाहीत
कापली : शनिवारी संध्याकाळी
मूळ झाड रोज ४-५ तास उन्हात
घर क्र. ३०४

यातली दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. मुळे नसलेली फांदी पहिले काही आठवडे सावलीतच ठेवायची असते. घेणाऱ्याने चौथी ओळ वाचून ती लगेच उन्हात ठेवली, तर दोन दिवसांत सुकेल. पाण्यात मुळे फुटवलेली फांदी असेल तर तसे लिहा. ती मुळे नाजूक असतात, मातीत गेल्यावर पहिला आठवडाभर माती ओलसर ठेवावी लागते. मनीप्लांटचे नुसते पान आणू नका. पेर नसेल तर पानाला मुळे फुटली तरी त्यातून नवी वेल निघत नाही. निवडुंग आणि मांसल पानांच्या झाडांचे मात्र उलटे आहे : ओला कागद नको, काप ३-४ दिवस कोरड्या जागी सुकू द्या, नाहीतर तो कुजतो.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. साध्या पेनाची शाई पाण्याने पसरते, मार्करची उन्हात उडते. जुन्या प्लास्टिकच्या डब्याची पट्टी कापली तर त्यावर पेन्सिल छान टिकते. अख्ख्या ट्रेला एकच चिठ्ठी चालणार नाही. साध्या मिरचीची आणि ढोबळीची रोपे लहानपणी सारखीच दिसतात. ट्रे सरकवला-हलवला की गोंधळ झालाच. बी संकरित वाणाच्या फळातून काढले असेल तर तेही लिहा, कारण फळ आधीसारखेच येईल असे नाही.

बियांची रोपे, उगवताना दिसणाऱ्या पहिल्या बीजपानांनंतर खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर आणा आणि आधीचा आठवडाभर बाल्कनीत थोडा-थोडा वेळ ऊन-वारा द्या. हाती देताना पानाला धरा. एखादे पान फाटले तर नवे येते, खोड चेमटले तर रोप गेले.

टेबलावर प्रत्येक नगाच्या पानांची मागची बाजू पाहिली जाईल. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड. असा नग परत दिला जाईल, कृपया वाईट वाटून घेऊ नका. अंडी नजरेतून सुटू शकतात, त्यामुळे नवे रोप घरच्या झाडांपासून दोन आठवडे लांब ठेवा.

कण्हेर, डिफेनबाखिया आणि मनीप्लांट यांच्या चिठ्ठीवर लाल रेघ ओढा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बाकीच्या दोन्हींची पाने चावली तर तोंडाची आग होते. लहान मूल किंवा मांजर-कुत्रे असलेल्या घराला हे नेण्याआधीच कळायला हवे.

रिकाम्या छोट्या कुंड्या असतील तर धुऊन आणा, त्या कमी पडतात.