पाण्यात तरंगणारे अंडे : कसोटी आणि साठवणीची पार्श्वभूमी

अंडे पाण्यात सोडून पाहण्याची रीत विदर्भाच्या खेड्यांत इतकी रुळली आहे की आठवडी बाजारात गावरान अंडी विकायला बसलेली बाईही, गिऱ्हाइकाने शंका घेतली तर, गंजभर पाणी मागवून अंडे बुडवून दाखवते. जुनी कसोटी मात्र नेहमीच साध्या पाण्याची नव्हती. 19व्या शतकातील युरोपीय गृहोपयोगी पुस्तकांत ती मिठाच्या पाण्याचीही सांगितलेली आढळते, ज्यात पाण्याच्या साधारण दहावा हिस्सा मीठ विरघळवले जाई. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे.

ताजे अंडे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा सुमारे आठ टक्के जड असते, तर असे मिठाचे पाणी सुमारे सात टक्के जड असते. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतले पाणी वाफ होऊन जाते, रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि अंडे हलके होत जाते. मिठाच्या पाण्यात एक-दीड टक्का वजन घटले तरी ते वर येते. साध्या पाण्यात ते आधी तिरपे होते, मग रुंद टोक वर करून उभे राहते, आणि सुमारे आठ टक्के वजन गेल्यावरच तरंगते. मिठाच्या पाण्याच्या कसोटीतले ‘तरंगले’ म्हणजे ‘आजचे नव्हे’ एवढेच होते. साध्या पाण्यात मात्र त्याच शब्दाचा अर्थ ‘फार जुने’ असा होतो, आणि बोलण्यात तर तो थेट ‘सडके’ होऊन बसला. वस्तुतः पाणी सडणे मोजत नाही, वयही मोजत नाही. अंडे किती वाळले एवढेच ते सांगते.

विदर्भात हा भेद ऋतूप्रमाणे उघडा पडतो. उबवणी यंत्रात, साडेसदतीस अंशांच्या आसपास आणि बेताच्या दमटपणात, अंड्याचे वजन 18 दिवसांत साधारण 12 टक्के घटते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि हवा यंत्रातल्यापेक्षा बरीच कोरडी असते, म्हणून टिनाच्या छपराखाली ही घट दुपटीच्या आसपास धरायला हरकत नाही. 45 ग्रॅमच्या गावरान अंड्याने साडेतीन ग्रॅम गमावले की ते तरंगते, म्हणजे अशा घरात आठवडाभरातच. हेच अंडे श्रावणातल्या ओल्या हवेत महिनाभर ठेवले तरी तळाशी राहू शकते, मग आत सडण्याची सुरुवात झालेली का असेना. त्याहून फसवी गोष्ट बीज धरलेल्या अंड्याची. कोंबड्यासोबत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे अंडे उन्हाळ्यात उबेला ठेवल्यासारखेच असते. दोन-तीन दिवसांत बलकावर रक्ताच्या रेषा दिसू लागतात, आणि तरीही ते मुकाट्याने बुडते. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरून पाहणे येथे जास्त उपयोगी ठरते. फोडताना ते आधी वेगळ्या वाटीत फोडावे, हा जुन्या बायांचा शिरस्ताही त्यासाठीच असावा.

साठवणीचा वाद यापुढचा आहे. घरोघरी फ्रीज येण्याआधी अंडी धान्यात किंवा पाण्याच्या माठाजवळ ठेवत, त्याविषयी फार काही सांगण्यासारखे नाही. फ्रीज हवा की नको हा प्रश्न परदेशांतल्या दोन उलट्या नियमांतून आला. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतली जातात. धुण्यात कवचावरचे नैसर्गिक पातळ आवरण निघून जाते, म्हणून ती सुमारे सात अंशांवर ठेवणे बंधनकारक आहे. युरोपात उच्च प्रतीची अंडी धुण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि विक्रीपूर्वी ती पाच अंशांखाली थंड करू नयेत असा दंडक आहे, कारण थंड अंडे उबदार जागी आले की त्यावर घाम धरतो आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरू शकतात. आपल्याकडे अंडी बहुधा न धुताच विकली जातात. एवढ्यावरून ‘आपले अंडे ओट्यावरच बरे’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात, पण युरोपातला ओटा वीस अंशांचा असतो आणि पुसदचा मे महिन्यात चाळिशीचा, हे त्यात विसरले जाते. माझ्या मते होळी ते मृग या काळात फ्रीजला पर्याय नाही. हिवाळ्यात मात्र न धुतलेली अंडी आठवडा-दोन आठवडे सावलीत सुखाने राहतात.

घामाची भीती खरी आहे, पण ती उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यातली. दमट हवेत फ्रीजमधून काढलेले अंडे काही मिनिटांतच ओले होते, आणि भारनियमनात फ्रीज तासन् तास बंद राहिला की आतही तेच घडते. म्हणून लागतील तेवढीच अंडी बाहेर काढावीत, उरलेली पुन्हा आत ठेवू नयेत. दारातल्या खाचांपेक्षा आतला कप्पा बरा, कारण दार उघडताच तेथली थंडी जाते. अंडी निमुळते टोक खाली करून, झाकणाच्या डब्यात ठेवावीत. नाहीतर शेजारच्या कापलेल्या कांद्याचा वास ती धरतात.

खुराड्यातून आणलेल्या अंड्याला विष्ठा लागलेली असेल तर ती कोरड्या फडक्याने पुसावी. अंड्यापेक्षा गार पाण्यात ते बुडवले की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचे पाणी छिद्रांतून ओढले जाते. गंजातल्या कसोटीलाही हेच लागू आहे, त्यामुळे बाजारात पाण्यात बुडवून दाखवलेले अंडे साठवणीच्या डब्यात न घालता त्याच दिवशी रांधावे.