तुमच्या तुलना-पानाच्या शीर्षकात ‘क्लेम हमखास मंजूर’ आम्ही का लिहीत नाही

विम्याच्या तुलनेची पानं आम्ही ब्रोकर आणि वेब अ‍ॅग्रिगेटर यांच्यासाठी लिहितो. पान तयार झालं की पहिला फोन बहुतेक वेळा शीर्षकावरून येतो: “समोरच्या साइटवर ‘१००% क्लेम मंजूर’ आहे, आपल्याकडे का नाही?” त्याचं उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवावं, म्हणून हे पत्रक.

हप्ता शोधणारा, कव्हर शोधणारा आणि क्लेमची प्रक्रिया शोधणारा ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला अजून पॉलिसी घ्यायची आहे, दुसऱ्यासमोर दोन-तीन पॉलिसी आहेत, आणि तिसरा कदाचित हॉस्पिटलच्या काउंटरपाशी उभा राहून मोबाइल चाळतो आहे. तिघांना एकाच शीर्षकात कोंबलं की ते कुणालाच आपलं वाटत नाही. म्हणून आम्ही तीन पानं आणि तीन शीर्षकं सुचवतो.

हप्त्याचं काम त्यातल्या त्यात सोपं. ‘सर्वात स्वस्त’ न लिहिता तुलना कुणासाठी आहे ते लिहायचं: ‘वय ३५, ५ लाख कव्हर: आरोग्य विम्याचे हप्ते’. वय आणि रक्कम दिली की आकड्याला अर्थ येतो. मात्र जुने आकडे तपासा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तुमच्या तक्त्यात अजून १८% धरला असेल, तर शीर्षक कितीही नेटकं असो, पान चुकीचंच.

कव्हरच्या शीर्षकात ‘पूर्ण ५ लाखांचं संरक्षण’ लिहायचा मोह होतो. समजा, पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १%, म्हणजे ५,००० रुपये. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. अशा पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही पाच-अष्टमांशच मिळतात. हे खर्च १,६०,००० झाले, तर १,००,००० मिळतील आणि ६०,००० खिशातून जातील. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. एवढं सगळं शीर्षकात मावणार नाही, पण ‘५ लाख कव्हर: खोलीभाडं मर्यादा आणि सह-देयाची तुलना’ एवढं मावतं. या प्रश्नात अडकलेला माणूस नेमकं हेच शोधत असतो.

आता क्लेम. गोंधळ इथेच होतो, आणि तो बऱ्याचदा एका खऱ्या नियमातून होतो. आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम निर्णय ३ तासांत. तो वाचून कुणीतरी शीर्षक लिहितं: ‘१ तासात क्लेम मंजूर’. नियम निर्णयाच्या वेळेचा आहे, होकाराचा नाही. त्या तासात नकारही येऊ शकतो, आणि सुरुवातीची मंजुरी ही अंतिम बिलाची मंजुरी नसते. शिवाय कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला असंही नाही. बिल भरून नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. मग शीर्षक असं होतं:

```html
<title>कॅशलेस क्लेम प्रक्रिया: कागदपत्रं, वेळ, नकार आल्यास काय</title>
```

‘नकार’ हा शब्द पाहून काही ग्राहक दचकतात. आमच्या मते तो ठेवावाच, कारण नकार आलेला माणूसही शोधतच असतो आणि त्याला उत्तर देणारी पानं कमी असतात.

‘९८% क्लेम मिळतात’ हेही आम्ही शीर्षकात घेत नाही. क्लेम सेटलमेंट रेशो हा एका कंपनीचा, एका वर्षाचा, मागचा हिशेब असतो. समोरच्या माणसाने जुना मधुमेह अर्जात लिहिला होता का, किंवा त्याचा प्रतीक्षा काळ संपला का, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. हा आकडा वर्ष आणि स्रोतासह पानाच्या आत द्या. वेब अ‍ॅग्रिगेटर असाल, तर ‘नंबर १’, ‘बेस्टसेलर’ असलं काहीही नको. क्रमवारी आणि बेस्टसेलर दाखवायला नियमांनीच मनाई आहे.

लांबीबद्दल थोडं. गूगलने अक्षरांची ठराविक मर्यादा दिलेली नाही. जागेत मावेल तेवढं दिसतं आणि बाकीचं कापलं जातं, त्यामुळे कामाचे शब्द आधी आणि कंपनीचं नाव शेवटी. शीर्षक पानाशी जुळलं नाही, तर गूगल ते स्वतः बदलूनही दाखवतं. तसं झालं की आम्ही आधी पानावरचं मोठं शीर्षक तपासतो, कारण दोन्हींत वेगळं काही लिहिलेलं असणं हे नेहमीचं कारण आहे.

पान सुरू झाल्यावर आम्ही सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाइप करून आले ते पाहतो. प्रक्रियेच्या पानावर ‘क्लेम स्टेटस’ शोधणारे येत असतील, तर त्यांना हवी ती गोष्ट तिथे नाही. अशा वेळी शीर्षक न बदलता पानाच्या वरच्या भागात विमा कंपनीच्या स्टेटस पानाचा दुवा देतो.

नवीन पानासाठी आमच्याकडे येताना हप्त्यांचा तक्ता आणि तो कोणत्या तारखेचा आहे, एवढं सोबत पाठवा.